‘एक दिवस’ म्हणजे किती तास? लग्न-छायाचित्रणाच्या पॅकेज-पानाची फेररचना: प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

आषाढी एकादशी परवा झाली. लग्नाचे मुहूर्त आता तुळशीच्या लग्नापर्यंत थांबले आहेत, त्यामुळे नागपुरातल्या महाल भागातील या स्टुडिओच्या मालकांना, म्हणजे दादांना, निवांत बोलायला वेळ मिळाला. काम नेमके आहे. त्यांच्या संकेतस्थळावरील पॅकेजचे पान असे करायचे आहे की कोणत्या पॅकेजमध्ये काय मिळते, काय मिळत नाही आणि वरून किती पैसे लागतील, हे घरच्यांना फोन न करता कळावे.

सध्याचे पान म्हणजे चार पोस्टर आहेत. व्हॉट्सअॅपवर पाठवण्यासाठी तयार केलेली सिल्व्हर, गोल्ड, डायमंड आणि प्लॅटिनम या पॅकेजची चित्रेच तिथे एकाखाली एक लावलेली आहेत. मरून पार्श्वभूमीवर सोनेरी वळणदार अक्षरे आहेत आणि तळाशी तांदळाएवढ्या अक्षरांत ‘जीएसटी वेगळा, एक्स्ट्रा अवर ₹१,०००, नागपूरबाहेर प्रवासखर्च वेगळा, अटी लागू’ अशी ओळ आहे. मी माझ्या फोनवर ती ओळ वाचण्यासाठी चित्र दोन बोटांनी मोठे केले, तेव्हा किंमत पडद्याच्या बाहेर गेली. किंमत दिसेल असे चित्र सरकवले, तर ओळ दिसेनाशी झाली. दोन पॅकेज शेजारी ठेवून पाहण्याची सोयच नव्हती, कारण एक पोस्टर संपल्यावरच दुसरे सुरू होत होते.

वहिनी दुकानातले फोन घेतात. त्यांच्याकडे एक लांबट नोंदवही आहे, जिच्या शेवटच्या पानांवर त्यांनी लोक वारंवार विचारतात ते प्रश्न लिहून त्यांच्यापुढे उभ्या रेघा मारल्या आहेत. सर्वांत जास्त रेघा ‘हळद धरली आहे का’ या प्रश्नापुढे आहेत, त्याखालोखाल ‘सगळे मिळून किती’ यापुढे. पान कसे दिसावे यावर मी काही बोलण्याआधी ही वही मागून घेतली आणि तिच्या पानांचे फोटो काढून ठेवले. नव्या तक्त्यातल्या ओळी या वहीतूनच निघतील, असे मला वाटते.

१० जुलै, गुरुवार

चारही पोस्टरवरील मजकूर एका तक्त्यात उतरवून काढला. प्रत्येक पॅकेजला एक स्तंभ आणि प्रत्येक गोष्टीला एक ओळ. अर्ध्या तासात अडकले, कारण एकच गोष्ट चार ठिकाणी चार मापांत सांगितलेली आहे.

सिल्व्हरमध्ये ‘१ दिवस’ असे लिहिले आहे, गोल्डमध्ये ‘संपूर्ण लग्न’, डायमंडमध्ये ‘२ दिवस’ आणि प्लॅटिनममध्ये ‘सर्व कार्यक्रम’. अल्बमच्या बाबतीत सिल्व्हरला ‘३० शीट’, गोल्डला ‘२५० फोटो’, डायमंडला ‘प्रीमियम अल्बम’ आणि प्लॅटिनमला ‘अमर्यादित फोटो’. यातली कोणतीही दोन मापे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ही चार चित्रे मी एका सुबक तक्त्यात जशीच्या तशी बसवली असती, तरी तुलना झालीच नसती. फक्त गोंधळ सरळ रेषेत मांडला गेला असता. म्हणून रचनेचे काम पुढे ढकलून आधी मापे एक करायचे ठरवले.

१४ जुलै, सोमवार

दादांबरोबर दुपारभर बसले. ‘एक दिवस’ म्हणजे किती तास, असे विचारल्यावर ते म्हणाले, “ताई, दिवस म्हणजे दिवस.” वहिनींनी लगेच सांगितले की बिल करताना दहा तास धरले जातात आणि ते चमू लग्नस्थळी पोहोचल्यापासून मोजले जातात. म्हणजे माप होतेच, फक्त ते बिलाच्या वहीत होते, पानावर नव्हते.

बोलता बोलता दोन मापे पक्की झाली. पूर्ण दिवस म्हणजे दहा तासांपर्यंत आणि अर्धा दिवस म्हणजे पाच तासांपर्यंत. हळद, सीमांतपूजन किंवा साखरपुडा यांना बहुधा अर्धा दिवस पुरतो. लग्नाच्या दिवसाला पूर्ण दिवस लागतो. सकाळी नऊला मांडवात पोहोचलेल्या चमूचे दहा तास संध्याकाळी सातला संपतात आणि गोरज मुहूर्ताचे लग्न असेल तर नेमका त्याच सुमारास खरा कार्यक्रम रंगात असतो. त्यामुळे ‘चमू किती वाजता यावी’ हा निर्णय घरच्यांच्या हातात आहे आणि त्यावर पैसे अवलंबून आहेत, हे पानावर दोन ओळींत सांगायलाच हवे.

अल्बमचे माप ठरवायला वहिनींनी दोन तयार अल्बम टेबलावर ठेवले. १२×३६ इंची अल्बम बंद असताना १८ इंच रुंद असतो आणि उघडला की दोन्ही बाजू मिळून ३६ इंच होतात. एका शीटची दोन पाने होतात, म्हणून ३० शीट म्हणजे ६० पाने. काही ग्राहक शीट म्हणजे पान समजतात आणि अल्बम हातात आल्यावर सुखावतात. काही जण उलट समजतात आणि नाराज होतात. गोल्डचे ‘२५० फोटो’ प्रत्यक्षात ४० शीटमध्ये, एका शीटवर सुमारे सहा या हिशेबाने बसवले जातात. आता सर्व पॅकेजना ‘शीट’ हेच माप राहील आणि त्याच चौकटीत पानांची संख्या येईल: सिल्व्हर ३० शीट, गोल्ड ४०, प्लॅटिनम ५०. ‘अमर्यादित’ हा शब्द काढून टाकला. अल्बमला पुठ्ठा असतो आणि पुठ्ठ्याला मर्यादा असते. ग्राहकाला खरोखर हवे होते ते वेगळेच: काढलेले सर्व फोटो पेनड्राइव्हवर मिळतील का. ते चारही पॅकेजमध्ये मिळतात आणि ते कुठेच लिहिलेले नव्हते.

१८ जुलै, शुक्रवार

आज एका खऱ्या बिलाचा अभ्यास केला. गेल्या हंगामातले हे काम आहे. घरचे नाव झाकून वहिनींनी कागद दिला आणि त्या बिलावरून झालेला वादही सांगितला. त्यांनी गोल्ड घेतले होते. आदल्या संध्याकाळी घरी हळद, दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये लग्न आणि तिसऱ्या दिवशी वर्ध्याला मुलाकडचे रिसेप्शन.

घरच्यांनी पोस्टर वाचून मनात धरलेला आकडा ₹७८,००० होता. पॅकेजचे ₹७५,००० आणि वरात लांबली तर दोन-तीन तासांचे ₹३,०००. हळद त्यांनी ‘संपूर्ण लग्न’ या शब्दांतच धरली होती आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही. प्रत्यक्ष बिल असे झाले: पॅकेजचे ₹७५,०००, हळदीच्या अर्ध्या दिवसाचे ₹१०,०००, रिसेप्शनच्या अर्ध्या दिवसाचे ₹१०,०००, वर्ध्याच्या जाण्यायेण्याचे सुमारे १६० किलोमीटर आणि किलोमीटरला ₹१५ या दराने ₹२,४००, आणि लग्नाच्या दिवशी लांबलेल्या तीन तासांचे ₹१२,०००. बेरीज ₹१,०९,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी ₹१९,६९२. एकूण ₹१,२९,०९२.

मनातला आकडा आणि बिल यांत ₹५१,०९२ चा फरक पडला. यातला मोठा भाग समजण्यासारखा आहे, पण वाद पेटला तो बारा हजारांवर. ‘एक्स्ट्रा अवर ₹१,०००’ हा दर प्रत्येक माणसामागे आहे आणि गोल्डमध्ये चार माणसे येतात: एक पारंपरिक छायाचित्रकार, एक कॅन्डिड, एक व्हिडिओ आणि एक सिनेमॅटिक. म्हणून तासाचे चार हजार होतात. दादांच्या दृष्टीने हे इतके उघड होते की लिहावे असे त्यांना कधी वाटलेच नाही. वधूपित्याच्या दृष्टीने मात्र तीन तासांचे तीन हजार होत होते आणि निरोपाच्या रात्री त्यांना बारा हजार ऐकावे लागले.

इथून पानाचा मुख्य नियम ठरला. जो जादा खर्च पॅकेजनुसार बदलतो, तो तळाच्या टिपेत न राहता तक्त्यातच, त्या त्या पॅकेजच्या स्तंभात आला पाहिजे. जो सर्वांना सारखाच आहे, तो तक्त्याखाली एकदाच यावा. जादा तासाचा दर हा पहिल्या प्रकारचा आहे, प्रवासखर्च दुसऱ्या.

२२ जुलै, मंगळवार

डायमंड पॅकेजने आज आश्चर्याचा धक्का दिला. सर्व मापे एक झाल्यावर त्याची फोड करून पाहिली. गोल्डचे ₹७५,०००, दुसऱ्या पूर्ण दिवसाचे ₹२०,००० आणि प्री-वेडिंगचे ₹१५,००० मिळून बरोबर ₹१,१०,००० होतात आणि डायमंडची किंमतही तितकीच आहे. म्हणजे डायमंड हे वेगळे पॅकेज नसून गोल्ड आणि दोन जोड सेवा यांचीच बेरीज आहे. एक रुपयाही सूट नाही. दुसऱ्या दिवशी चारऐवजी दोनच माणसे येतात, हेही पोस्टरवर कुठे नव्हते. ‘प्रीमियम अल्बम’ म्हणजे फक्त अॅक्रिलिकचे मुखपृष्ठ, जे मागितल्यास कोणालाही वेगळे पैसे घेऊन दिले जाते.

वरच्या वर्ध्याच्या उदाहरणाला डायमंड लावून पाहिले. त्यांना प्री-वेडिंग नको होते आणि रिसेप्शनला पूर्ण दिवसही नको होता. तरी त्यांनी डायमंड घेतले असते तर हळद, जादा तास आणि प्रवास धरून कर वगळता ₹१,३४,४०० झाले असते, म्हणजे गोल्डपेक्षा पंचवीस हजार जास्त. हे पॅकेज पानावर ठेवले तर ते फक्त निवड अवघड करते.

दादा हे काढायला तयार नव्हते. त्यांचे म्हणणे असे की चार पॅकेज असली की दुकान मोठे वाटते आणि मधले पाहून लोक वरच्याकडे वळतात. हा अनुभवातून आलेला मुद्दा आहे, म्हणून मी तो बाजूला सारला नाही. गेल्या हंगामाची वही काढून डायमंडची किती कामे झाली ते पाहू, इतकेच म्हटले. तीन निघाली आणि त्यांपैकी दोघांनी बोलणी करून काहीतरी वगळूनच घेतली होती. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे लोक आपलं आपणच गोल्ड करून घेतात.” डायमंड काढायचे ठरले. तीन स्तंभ राहिल्यामुळे फोनच्या पडद्यावर तक्ता बसण्याचा प्रश्नही बराच सोपा होईल, पण काढण्याचे कारण ते नव्हते.

२९ जुलै, मंगळवार

जीएसटीवरून लांब चर्चा झाली. स्टुडिओची वार्षिक उलाढाल सेवांसाठीच्या वीस लाखांच्या मर्यादेच्या वर आहे, त्यामुळे नोंदणी आणि १८ टक्के कर टाळता येत नाही. प्रश्न फक्त आकडा कोणता दाखवायचा हा आहे. ₹७५,००० लिहायचे आणि बिलावर ₹८८,५०० घ्यायचे, की सुरुवातीलाच ₹८८,५०० लिहायचे?

दादांची भीती रास्त आहे. इतर स्टुडिओ कर न धरता किंमत लिहितात, त्यामुळे शेजारी ठेवले तर आपण महाग दिसू. माझे म्हणणे असे होते की लग्नघराला या कराचा परतावा मिळत नाही, त्यांच्या खिशातून पूर्ण रक्कमच जाते, म्हणून त्यांच्यासाठी खरी किंमत तीच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ऑनलाइन व्यवहारांतल्या तेरा दिशाभूल करणाऱ्या रचना सांगितल्या आहेत. त्यांतली एक ‘ड्रिप प्रायसिंग’, म्हणजे किमतीचे भाग आधी न सांगता शेवटी थेंबाथेंबाने उघड करणे. आमच्या पोस्टरवर कर वेगळा असल्याचे लिहिलेले होते, त्यामुळे हा तंतोतंत तोच प्रकार होता असे मी म्हणत नाही. पण तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिलेली गोष्ट सांगितली असे धरता येत नाही, हे दादांनीही मान्य केले.

शेवटी ठरले ते असे. मोठ्या अक्षरांत करासह किंमत: सिल्व्हर ₹५३,१००, गोल्ड ₹८८,५००, प्लॅटिनम ₹१,८८,८००. त्याखाली वाचता येईल अशा आकारात ‘₹७५,००० + जीएसटी ₹१३,५००’ अशी फोड, म्हणजे ज्याला दुसऱ्या स्टुडिओशी ताडून पाहायचे आहे त्याला तो आकडाही मिळेल. पानावरचे सर्व जादा दरही करासहच लिहायचे. काही करासह आणि काही कराविना असे मिश्रण झाले तर बेरीज करणारा हमखास चुकतो.

४ ऑगस्ट, सोमवार

ड्रोनची ओळ. पोस्टरवर गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये ‘ड्रोन’ एवढाच शब्द आहे. नागपुरात तो एवढ्यावर सोडता येत नाही. विमानतळ सोनेगावला आहे आणि वर्धा रोडच्या पट्ट्यातली कितीतरी लॉन त्याच्या जवळ आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा भाग मानला जातो आणि ८ किलोमीटरच्या आत उडवायचे तर आधी परवानगी लागते. कोणती जागा कोणत्या भागात येते ते डिजिटल स्काय मंचावरील नकाशात पाहता येते.

गेल्या हंगामात दोन लग्नांत ड्रोन उडालाच नाही आणि पैसेही कमी झाले नाहीत. वर ज्यांचे बिल दिले आहे ते त्यांपैकी एक. दादांनी ड्रोन नेला होता, चालकही नेला होता, म्हणून खर्च झाला होता हे खरे. पण घरच्यांनी वरात वरून टिपलेली पाहायची म्हणूनच सिल्व्हरऐवजी गोल्ड घेतले होते, हेही खरे.

ओळ अशी लिहिली: ‘ड्रोन: हो, लग्नस्थळी परवानगी असल्यास. तारीख ठरवताना जागा सांगा, आम्ही त्याच दिवशी नकाशात पाहून कळवू. उडवता आला नाही तर ₹५,९०० कमी केले जातील.’ वजावटीची रक्कम दादांनी स्वतः सुचवली. आता तारीख घेतानाच लॉनचे नाव विचारले जाईल आणि नकाशा पाहण्याचे काम लग्नाच्या दिवशी न उरता सहा महिने आधी होईल.

११ ऑगस्ट, सोमवार

तक्त्याची बांधणी. फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद धरला, कारण दादांचे बहुतेक ग्राहक पान फोनवरच पाहतात. नेहमीच्या पद्धतीने डावीकडे ओळीचे नाव आणि उजवीकडे तीन पॅकेज असे चार स्तंभ केले, तर प्रत्येकाला नव्वदच्या आसपास पिक्सेल येतात आणि ‘पारंपरिक छायाचित्रकार’ हे शब्द तीन तुकड्यांत मोडतात. आडवे सरकवण्याची सोय दिली, तर प्लॅटिनमचा स्तंभ पडद्याबाहेर राहतो आणि तुलना पुन्हा मोडते.

म्हणून ओळीचे नाव डावीकडून काढून वर नेले. प्रत्येक गोष्टीचे नाव पूर्ण रुंदीच्या पट्टीत येते आणि त्याखाली तीन चौकटी शेजारी शेजारी. वाचणाऱ्याची नजर फक्त उजवीकडे जाते, वरखाली फिरत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा पडदावाचक वापरणाऱ्यांसाठी ती पट्टी तक्त्यातले खरे शीर्षकच राहील, अशी मांडणी केली:

```html
<tbody>
  <tr><th colspan="3" scope="rowgroup">जादा तास</th></tr>
  <tr><td>₹२,३६०</td><td>₹४,७२०</td><td>₹७,०८०</td></tr>
</tbody>
```

पॅकेजची नावे आणि किमती असलेली वरची ओळ खाली सरकताना पडद्याच्या माथ्याशी चिकटून राहायला हवी होती, ती राहत नव्हती. तासभर गेला. कारण साधे निघाले: तक्त्याभोवती जुन्या साच्यातून आलेली एक चौकट होती आणि तिला `overflow-x: auto` लावलेले होते. अशी चौकट स्वतःच सरकण्याचे क्षेत्र बनते, त्यामुळे `position: sticky` पानाला न धरता त्या चौकटीला धरते आणि चौकट उभी सरकतच नसल्याने काहीच चिकटत नाही. तीन स्तंभ पडद्यात मावत असल्यामुळे आडव्या सरकण्याची गरज उरली नव्हती. ती चौकट काढून टाकल्यावर ओळ जागेवर राहिली.

बरोबरच्या आणि फुलीच्या खुणा मात्र वापरल्या नाहीत. जिथे एखादी गोष्ट पॅकेजमध्ये नाही, तिथे नुसती फुली पुढचा प्रश्न तसाच ठेवते: मग हवी असेल तर? त्या चौकटीत आता ‘नाही. हवे असल्यास ₹१७,७००’ असे आहे. प्री-वेडिंगसाठी सिल्व्हर आणि गोल्डच्या खाली हाच आकडा दिसतो, प्लॅटिनमखाली ‘हो’ आहे. हळदीसाठी ‘नाही. हवी असल्यास ₹११,८००’. वहिनींच्या वहीत सर्वांत जास्त रेघा ज्या प्रश्नापुढे होत्या, त्याचे उत्तर म्हणून ही ओळ तक्त्यात पहिली ठेवली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

प्रवासखर्च. ‘नागपूरबाहेर’ म्हणजे कुठून, यावर दादा आणि वहिनी यांची उत्तरे जुळली नाहीत. कामठीला ते पैसे घेत नाहीत, बुटीबोरीला कधी घेतात कधी नाही. आता महालातल्या स्टुडिओपासून ४० किलोमीटरपर्यंत काही नाही, असे ठरले. कामठी, हिंगणा आणि बुटीबोरी ही नावे घालून ते स्पष्ट केले. त्यापुढे किलोमीटरचा दर न देता गावानुसार ठरावीक रक्कम द्यायची: रामटेक ₹१,७७०, वर्धा ₹२,८३२, अमरावती आणि चंद्रपूर प्रत्येकी ₹५,३१०. लग्नघरात कोणी नकाशा उघडून जाण्यायेण्याचे अंतर गुणत बसत नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी चाचणी ठेवली होती, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीमुळे महालात शिरणेच शक्य नव्हते. ती आज घेतली. ओळखीतल्या पाच जणांना, ज्यांच्या घरी येत्या वर्षभरात लग्न आहे, आधी जुने आणि मग नवे पान फोनवर दिले आणि वर्ध्याचेच उदाहरण सांगून ‘एकूण किती होतील’ एवढे विचारले. मी काही समजावून सांगायचे नाही, हा नियम होता.

जुन्या पानावर दोघांनी ₹७८,००० च्या आसपासचा आकडा सांगितला, दोघांनी ‘फोन करावा लागेल’ म्हणून सोडून दिले आणि एकाने डायमंड निवडले. नव्या पानावर चौघांनी ₹८८,५००, हळदीचे ₹११,८००, तीन तासांचे ₹१४,१६०, रिसेप्शनचे ₹११,८०० आणि प्रवासाचे ₹२,८३२ अशी बेरीज करून ₹१,२९,०९२ हा आकडा काढला, जो मूळ बिलाशी रुपयापर्यंत जुळतो. पाचवे काका प्रवासखर्च विसरले. त्यांनी तक्ता नीट वाचला होता, पण तक्ता संपल्यावर पान संपले असे समजून ते थांबले. सर्वांना सारखे असलेले खर्च तक्त्याखाली ठेवण्याचा माझा नियम तर्काला धरून होता, तरी वाचणाऱ्याला तो माहीत नव्हता. तक्त्याच्या शेवटी आता तीन चौकटी जोडून एकच ओळ टाकली आहे: ‘लग्न नागपूरबाहेर असल्यास खालील रक्कम मिळवा’ आणि तिच्या लगेच खाली गावे.

याच काकांनी दुसरी गोष्ट दाखवून दिली. ‘माणसे: ४’ या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले की ही पाने किती जणांची धरायची, म्हणजे जेवणाची. कॅटररला ताटांचा आकडा द्यायचा असतो, त्यामुळे त्यांच्या मनात तोच हिशेब आधी आला. ओळीचे नाव बदलून ‘तुमच्याकडे येणारी आमची माणसे’ असे केले आणि ‘त्यांच्या जेवणाची सोय लग्नघराने करावी’ हे वाक्य तिथेच जोडले. हीही अट आजवर तोंडीच होती.

२ सप्टेंबर, मंगळवार

पान सुरू केले. व्हॉट्सअॅपवर पोस्टर पाठवणे दादा बंद करणार नाहीत आणि करायलाही नको. मात्र नव्या पोस्टरवर आता पॅकेजचे नाव, करासह किंमत, तास आणि पानाचा दुवा एवढेच आहे. तपशील दोन ठिकाणी ठेवले की एका ठिकाणचे जुने होतात. जुनी चार चित्रे वहिनींच्या फोनमधूनही काढायला लावली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तुळशीची लग्ने लागली आणि चौकशीचे फोन सुरू झाले. वहिनींनी वहीत नवे पान घालून रेघा मारायला सुरुवात केली आहे. हळदीबद्दल विचारणारे आता थोडे आहेत आणि जे विचारतात ते बहुतेक ‘हळद आणि सीमांतपूजन एकाच संध्याकाळी केले तर एकच अर्धा दिवस धराल ना’ असे विचारतात. उत्तर हो असे आहे, पाच तासांत बसले तर. हे वाक्य आज हळदीच्या ओळीत घातले.

एका घराने गोल्डच्या दहा तासांचा हिशेब पाहून चमूला सकाळी नऊऐवजी दुपारी एकला बोलावले आणि सकाळच्या विधींसाठी फक्त एक छायाचित्रकार मागितला. असा दर आमच्याकडे नाही. दादांनी फोनवरच माणसामागे तासाला ₹१,१८० सांगितले, जे जादा तासाच्या दराशी जुळते. अशी मागणी पुन्हा आली तर त्यासाठी वेगळी ओळ करावी लागेल. तोवर वहिनींना तिच्यापुढेही रेघ मारायला सांगितले आहे.

कच्च्या व्हिडिओची हार्ड डिस्क ग्राहकाने द्यायची की स्टुडिओने, यावर चार रेघा झाल्या आहेत. दादा सोमवारपर्यंत उत्तर देणार आहेत.